लाल-हिरव्यापलीकडचा नकाशा

जुलैत कोकणात पावसाने जोर धरला की महाराष्ट्राचा एक नकाशा मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागतो. छत्तीस जिल्हे आणि चार रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब पावले उचला. भारतीय हवामान खात्याची ही चौरंगी पद्धत इतकी रुळली आहे की ‘यलो’, ‘ऑरेंज’ आणि ‘रेड अलर्ट’ हे शब्द आता शाळेतल्या मुलांच्याही तोंडी असतात. खात्याच्या पत्रकात इशारा शब्दांतही दिलेला असतो. पण चार गटांतून फिरत आलेल्या चित्रात ते शब्द बहुतेकदा गळून पडलेले असतात आणि उरतात ते फक्त रंग.

तो नकाशा पाहणाऱ्यांत काही जण असे असतात, ज्यांना लाल रंगवलेला जिल्हा आणि हिरवा रंगवलेला जिल्हा जवळजवळ एकाच रंगाचे दिसतात. एकाला ‘घराबाहेर पडू नका’ सांगितले आहे आणि दुसऱ्याला ‘चिंता नको’, हे त्यांना चित्रावरून कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत ०.५ टक्क्याच्या आसपास. भारतातल्या पाहण्यांत हा आकडा प्रदेशागणिक बदलतो आणि बहुधा यापेक्षा कमी भरतो. तरी पन्नास पुरुषांमागे एक एवढाच हिशेब धरला, तर गावाच्या किंवा सोसायटीच्या मोठ्या गटात असे दोन-तीन जण सहज निघतील.

हे लोक तक्रार करत नाहीत, कारण आपल्याला काही वेगळे दिसते हे अनेकांना स्वतःलाच ठाऊक नसते. इंग्लंडमधला रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १७९२ साली त्याच्या लक्षात आले की जिरॅनियमचे जे फूल इतरांना गुलाबी वाटते, ते आपल्याला दिवसा आकाशी दिसते आणि मेणबत्तीच्या उजेडात त्याचा रंग पार बदलतो. तोवर तो पंचविशी ओलांडून गेला होता. १७९४ मध्ये त्याने मँचेस्टरच्या विद्वत्सभेत यावर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे असे होत असावे, असा त्याचा तर्क होता आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत अशी इच्छा त्याने व्यक्त केली होती. १८४४ मध्ये ते तपासले गेले, तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या अवशेषांतून पुढे डीएनए मिळवण्यात आला आणि १९९५ मध्ये खरे कारण कळले: हिरवट प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देणारे रंगद्रव्य त्याच्या डोळ्यांत नव्हतेच.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार निळसर प्रकाशाला, सुमारे ४२० नॅनोमीटरच्या आसपास, सर्वाधिक प्रतिसाद देतो. उरलेल्या दोघांचे शिखर ५३० आणि ५६० नॅनोमीटरजवळ असते. या दोन आकड्यांमधले अंतर किती थोडे आहे ते पाहावे. लाल आणि हिरवा वेगळे दिसणे हे सारे या दोन पेशींच्या प्रतिसादातल्या बारीकशा फरकावर उभे आहे. त्यातली एक नसली, किंवा तिचे शिखर दुसरीकडे सरकले, की तो फरक पुसट होतो किंवा नाहीसा होतो. या दोन्हींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच असल्यामुळे बिघाड झाकायला दुसरी प्रत नसते. म्हणून हा प्रकार पुरुषांत इतका जास्त.

नकाशा रंगवणाऱ्याच्या दृष्टीने यातले दोन गट महत्त्वाचे. ज्यांच्यात ५३० वाल्या पेशीचा दोष आहे त्यांना ‘ड्यूटान’ म्हणतात आणि त्यांची संख्या सर्वांत जास्त. त्यांना लाल, हिरवा, नारिंगी हे सारे पिवळट-तपकिरी कुटुंबातले वाटतात, पण उजळ काय आणि गडद काय हे साधारण इतरांसारखेच कळते. ज्यांच्यात ५६० वाल्या पेशीचा दोष आहे ते ‘प्रोटान’. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट घडते: शुद्ध लाल रंग मंद, काळपट दिसतो. इतरांचे लक्ष सर्वांत आधी खेचणारा भडक लाल त्यांच्या नजरेत मागे सरतो. दोन्ही गटांत निळ्याला प्रतिसाद देणारी पेशी शाबूत असते. त्यामुळे निळा आणि पिवळा, निळा आणि नारिंगी या जोड्या त्यांना स्पष्ट वेगळ्या दिसतात. सुरक्षित रंगसंचांत निळ्या-नारिंगीची जोडी वारंवार दिसते ती याच कारणाने. निळ्या-पिवळ्यातच गोंधळ होणारा तिसरा प्रकारही असतो, पण तो जन्मतः फार विरळ.

आता पुन्हा नकाशाकडे वळू. समजा एखाद्याने संगणकावरचे नेहमीचे दोन रंग उचलले: लाल `#FF0000` आणि हिरवा `#008000`. दोन रंगांच्या उजळपणातला फरक मोजायचे एक जगमान्य माप आहे, ज्याला कॉन्ट्रास्ट गुणोत्तर म्हणतात. पांढऱ्यावर काळा असेल तर ते २१ येते, दोन्ही रंग सारखेच उजळ असतील तर १. या लाल-हिरव्या जोडीचे गुणोत्तर भरते १.२८. म्हणजे रंगाचा भेद काढून घेतला तर दोघांत जवळजवळ काहीच उरत नाही. ड्यूटान वाचकासाठी नेमका तोच भेद नाहीसा झालेला असतो. हाच नकाशा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापला, तर मग कोणालाच लाल-हिरवा ओळखता येणार नाही. दोन्ही जागी एकच करडा रंग येईल.

यावर बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे ‘सुरक्षित रंगांची यादी’ शोधणे. अशी एक उत्तम यादी आहेही. जपानमधले दोन जीवशास्त्रज्ञ, मासाताका ओकाबे आणि केई इतो, यांनी ती तयार केली. सूक्ष्मदर्शकातून घेतलेली लाल-हिरवी चित्रे शोधनिबंधांत आणि व्याख्यानांत सर्रास दाखवली जातात आणि श्रोत्यांतल्या काहींना ती वाचताच येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी विज्ञानजगतापुढे मांडला. त्यांच्या संचात आठ रंग आहेत:

```
काळा            #000000
नारिंगी          #E69F00
आकाशी          #56B4E9
निळसर हिरवा     #009E73
पिवळा           #F0E442
निळा            #0072B2
शेंदरी           #D55E00
लालसर जांभळा    #CC79A7
```

या यादीमागचा विचार रंग जवळून पाहिले की उमगतो. शुद्ध लाल तिच्यात नाही. त्याच्या जागी नारिंगीकडे झुकलेला शेंदरी आहे, कारण प्रोटान डोळ्याला तो काळपट दिसत नाही. शुद्ध हिरवाही नाही. जो आहे त्यात निळा मिसळला आहे, म्हणजे शाबूत असलेल्या निळ्या पेशीला पकडायला काहीतरी मिळते आणि शेंदरीपासून तो वेगळा पडतो. २०११ मध्ये ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकातल्या एका टिपणातून हा संच जगभर पोचला. आकडेशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या भाषेत तर २०२० च्या आवृत्तीपासून तो नावाने मागवता येतो.

पण या संचालाही मर्यादा आहेत आणि त्या माहीत नसल्या की यादी वापरूनही आलेख फसतो. पांढऱ्या कागदावर त्यातल्या पिवळ्याचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर जेमतेम १.३ आहे, आकाशी आणि नारिंगीचे सव्वादोन-अडीचच्या मध्ये. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार आलेखातल्या महत्त्वाच्या आकाराला पार्श्वभूमीशी किमान ३ गुणोत्तर हवे. म्हणजे पिवळी बारीक रेषा पांढऱ्या पानावर कोणालाच धड दिसणार नाही, मग डोळे कसेही असोत. हे रंग जाड पट्ट्यांना किंवा मोठ्या भागांना द्यावेत आणि भोवती गडद कड काढावी. दुसरी मर्यादा अधिक फसवी. शेंदरी आणि निळसर हिरवा हे दोन रंग डोळ्याला वेगळे दिसतात, पण त्यांच्या उजळपणातला फरक अवघा १.१३ आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईत ते एकमेकांत मिसळून जातात. शिवाय हा संच मुळात प्रकार वेगळे दाखवण्यासाठी आहे, जसे चार धरणे किंवा पाच पिके. त्या रंगांत आधी-नंतर, कमी-जास्त असा क्रम नाही.

हवामानाच्या इशाऱ्यात मात्र क्रम आहे. पिवळ्यापेक्षा नारिंगी गंभीर, नारिंगीपेक्षा लाल. म्हणून इथे वेगळे तत्त्व लागते: रंग बदलत जाताना उजळपणाही पायरीपायरीने उतरला पाहिजे. सर्वांत सौम्य इशारा सर्वांत फिका, सर्वांत गंभीर इशारा सर्वांत गडद. रंग अजिबात न ओळखणाऱ्या डोळ्यालाही मग पायऱ्या दिसतात. नकाशांसाठी रंग सुचवणारे अमेरिकन भूगोलतज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांचे ‘कलरब्रूअर’ हे साधन याच भेदावर उभे आहे. ते आधी विचारते की माहिती क्रमाची आहे, प्रकारांची आहे की मध्यापासून दोन बाजूंना जाणारी आहे, आणि मगच रंग देते. रंगांधळ्या वाचकांसाठी सुरक्षित असलेलेच संच दाखवण्याची सोयही त्यात आहे. ‘मॅटप्लॉटलिब’ या आलेख काढणाऱ्या प्रणालीने २०१७ मध्ये इंद्रधनुषी ‘जेट’ रंगपट्टी सोडून ‘विरिडिस’ ही पट्टी मूळ निवड म्हणून स्वीकारली, तीही याच विचाराने. विरिडिस गडद जांभळ्यापासून उजळ पिवळ्यापर्यंत एकाच दिशेने उजळत जाते. जेटमध्ये मधला पिवळा सर्वांत उजळ आणि दोन्ही टोके गडद, त्यामुळे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत गोंधळ होतो.

पण महाराष्ट्राच्या नकाशाला विरिडिस चालणार नाही. ‘रेड अलर्ट’ असे बातमीत म्हणायचे आणि नकाशात तो जिल्हा जांभळा रंगवायचा, यातून नवाच घोटाळा होईल. रंगांची नावे लोकांच्या तोंडी बसली आहेत, ती तशीच ठेवून काम करावे लागेल. खरी मेहनत इथेच आहे: लाल लालच ठेवायचा, पण कुठला लाल, हे ठरवायचे.

एक मांडणी अशी करता येते. लाल भडक न ठेवता खोल, रक्तवर्णी घ्यायचा: `#A50F15`. ओकाबे-इतोंचा नारिंगी आणि पिवळा तसेच ठेवायचे. हिरवा मात्र फार फिका आणि निळसर करायचा, म्हणजे तो नजरेत मागे जातो आणि ‘काही नाही’ हे त्याचे काम मुकाट्याने करतो. आता गुणोत्तरे मोजली तर नारिंगी आणि लाल यांच्यात सुमारे ३.५ भरते, पिवळा आणि नारिंगी यांच्यात १.७, आणि पिवळा व लाल यांच्यात जवळजवळ ६. आधीच्या लाल-हिरव्यातले १.२८ आठवले की फरक लक्षात येतो. प्रोटान वाचकाला हा लाल काळपट दिसेल, पण आता काळपट असणे हाच त्याचा अर्थ आहे: सर्वांत गडद, म्हणून सर्वांत गंभीर. जी गोष्ट आधी अडचण होती तिचाच इथे उपयोग झाला.

एक दुबळी जागा तरीही उरते. फिका निळसर हिरवा आणि पिवळा यांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे. ड्यूटान आणि प्रोटान डोळ्यांना पिवळेपणामुळे त्यांतला फरक कळतो, पण झेरॉक्स काढली की दोन्ही सारखेच फिके दिसतील. पिवळ्याला गडद करावे तर तो पिवळा राहत नाही, शेणकट होतो. हिरवा गडद केला तर तो नारिंगीशी भिडतो. नुसत्या रंगांनी हा तिढा सुटत नाही, म्हणून दुसरी खूण हवी.

ती खूण म्हणजे नक्षी. इशारा नसलेला जिल्हा कोरा, पिवळ्यावर विरळ ठिपके, नारिंगीवर तिरक्या रेघा, लाल मात्र सलग भरलेला. नक्षीतही क्रम पाळला आहे: कोऱ्यापासून सलगापर्यंत शाई वाढत जाते. सोबत प्रत्येक जिल्ह्यात एक आकडा, शून्यापासून तीनपर्यंत.

```
इशारा नाही   #CFE8E4   कोरा            0
पिवळा        #F0E442   विरळ ठिपके       1
नारिंगी       #E69F00   तिरक्या रेघा      2
लाल          #A50F15   सलग, आकडा पांढरा  3
```

नक्षी वापरताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे रेघा फार बारीक आणि जवळजवळ काढणे. अशा रेघा डोळ्यांपुढे नाचतात आणि चित्र मोबाइलसाठी लहान केले की एकमेकींत मिसळून एक करडा थर होतो. रेघांमधली मोकळी जागा रेघेच्या जाडीच्या तीन-चार पट असावी आणि रेघेचा रंग तळातल्या रंगाचीच गडद छटा असावी. काळ्याभोर रेघांखाली जिल्ह्याचे नाव वाचता येत नाही. दुसरी अडचण आकाराची. गडचिरोली किंवा अहिल्यानगर या जिल्ह्यांत नक्षी सुखाने मावते, पण मुंबई शहर जिल्ह्यात दोन ठिपकेही धड बसत नाहीत. तिथे समुद्राच्या बाजूला एक चौकोन काढून त्यात तीच नक्षी आणि आकडा द्यावा आणि रेघेने तो जिल्ह्याला जोडावा. लहान ठिपक्याचा किंवा चिमुकल्या भागाचा रंग ओळखणे कोणत्याही डोळ्याला अवघड जाते. ज्यांना मुळातच फरक कमी दिसतो त्यांना तर फारच.

नकाशाशेजारची रंगसूचीही तपासावी लागते. सूची कोपऱ्यात असली की वाचकाला जिल्ह्याचा रंग लक्षात ठेवून तिकडे न्यावा लागतो आणि चार चौकोनांशी जुळवावा लागतो. रंग नीट न दिसणाऱ्यासाठी हीच जुळवाजुळव सर्वांत कठीण. म्हणून सूचीतल्या चौकोनात नक्षी आणि आकडा दोन्ही हवेत, शेजारी ‘लाल – पावले उचला’ असे पूर्ण शब्द हवेत आणि त्या ओळी क्रमानेच लावलेल्या असाव्यात.

रेषालेखात तर सूचीची गरजच राहू नये. समजा कोयना, जायकवाडी, उजनी आणि भातसा या चार धरणांतला साठा जून ते ऑक्टोबर दाखवायचा आहे. इथे प्रकार आहेत, क्रम नाही, म्हणून ओकाबे-इतोंचा संच योग्य: काळा, निळा, शेंदरी आणि लालसर जांभळा. या चारही रंगांचे पांढऱ्याशी गुणोत्तर ३ च्या वर आहे. प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाला धरणाचे नाव त्याच रंगात लिहिले की वाचकाला सूचीकडे जावेच लागत नाही. त्यावर एक रेषा सलग, एक लांब तुटक, एक ठिपक्यांची आणि एक सलग पण मध्येमध्ये चौकोन असलेली. चौकोन दर महिन्याला एक पुरेसा. प्रत्येक दिवशी दिला तर रेषाच झाकते. पाचवे-सहावे धरण घालायचे असेल तर सातवा रंग शोधत बसण्यापेक्षा दोन आलेख करावेत. आणि लेखात ‘लाल रेषा पाहा’ असे लिहू नये. ‘उजनीची तुटक रेषा’ म्हटले की सर्वांना सापडते.

एक्सेलमध्येही हे जमते. स्तंभाच्या रंगाच्या पर्यायांत ‘पॅटर्न फिल’ असते आणि रेषेच्या पर्यायांत तुटकपणा व खुणेचा आकार निवडता येतो. फक्त कार्यक्रम जे रंग आपोआप देतो ते तसेच स्वीकारायचे नाहीत, एवढे पथ्य पाळावे लागते.

स्थिती दाखवणारे दिवे आणि चिन्हे हा याच प्रश्नाचा अधिक कठोर प्रकार. नकाशात निदान शेजारचा जिल्हा तुलनेला असतो. चार्जरवरचा एकच बारीक दिवा, जो चार्जिंग चालू असताना लाल आणि पूर्ण झाल्यावर हिरवा होतो, त्याला तुलनेलाही काही नसते. जागा तीच, आकार तोच, बदलतो तो फक्त रंग, आणि तोही रंगांधळ्या डोळ्याला न कळणाऱ्या जोडीत. रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये लाल वर आणि हिरवा खाली असतो, ही जागाच अनेकांना तारून नेते. रात्री खांब दिसत नसताना मात्र तीही उपयोगी पडत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये म्हणूनच आडव्या सिग्नलमधला लाल दिवा चौकोनी, पिवळा शंकरपाळ्याच्या आकाराचा आणि हिरवा गोल असतो.

संगणकाच्या पडद्यावर हे करणे फारच सोपे आहे, कारण तिथे आकाराला खर्च येत नाही. तीन रंगांची तीन वर्तुळे काढण्याऐवजी ‘सुरळीत’साठी वर्तुळात बरोबरची खूण, ‘लक्ष द्या’साठी त्रिकोणात उद्गारचिन्ह आणि ‘बंद’साठी अष्टकोनात फुली काढावी. तिन्हींची बाह्यरेषाच वेगळी आहे, त्यामुळे आतली खूण वाचता येणार नाही इतके चिन्ह लहान झाले तरी फरक उरतो. शेजारी एक शब्द असला तर उत्तमच. एकाच दिव्याच्या यंत्रात चालू अवस्थेत दिवा लुकलुकावा आणि पूर्ण झाल्यावर स्थिर राहावा, किंवा दोन दिवे दोन ठिकाणी असावेत. आयफोनमध्ये ‘डिफरन्शिएट विदाउट कलर’ नावाची सोय आहे. ती चालू केल्यावर ज्या ठिकाणी नुसत्या रंगाने माहिती दिली जाते तिथे आकार किंवा खूण द्यावी, अशी तिची अपेक्षा असते. पण अ‍ॅप बनवणाऱ्याने त्या आकारांची तरतूद केली असेल तरच तिचा उपयोग. वेब सुलभतेच्या निकषांत ‘माहिती केवळ रंगावर सोपवू नये’ हा नियम सर्वांत प्राथमिक पातळीवर ठेवला आहे, म्हणजे तो पाळल्याशिवाय पुढच्या पातळ्यांचा विचारच होत नाही.

शब्दांचे महत्त्व २०२० च्या उन्हाळ्यात देशाने पाहिले. टाळेबंदीच्या काळात मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्राने देशातल्या जिल्ह्यांची लाल, नारिंगी आणि हिरव्या विभागांत वाटणी केली: १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. कोणती दुकाने उघडी, कुठे प्रवास चालेल, हे त्या रंगावर ठरणार होते. सरकारच्या यादीत प्रत्येक जिल्ह्यासमोर विभागाचे नाव अक्षरांत होते, म्हणून ती कोणालाही वाचता येत होती. अशा यादीवरून नुसता तीन रंगांचा नकाशा काढला, की लाल आणि हिरव्या विभागातली जी सीमा सर्वांत महत्त्वाची, तीच काही वाचकांच्या नजरेतून निसटते.

नकाशा तयार झाला की तपासणी करायला फार काही लागत नाही. पहिली चाचणी काळ्या-पांढऱ्याची. फोनवर चित्रातला रंग पूर्ण काढून टाकावा आणि इशारे क्रमाने लावता येतात का ते पाहावे. दुसरी चाचणी क्रोम ब्राउझरमध्ये. त्यातल्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘रेंडरिंग’ या भागात `Emulate vision deficiencies` हा पर्याय आहे. तिथे `Protanopia` आणि `Deuteranopia` निवडले की पान त्या डोळ्यांना साधारण कसे दिसेल ते समोर येते. बर्नहार्ड जेनी यांचे ‘कलर ऑरेकल’ हे मोफत साधन पूर्ण पडद्यावर हेच करते. मात्र ही साधने पेशी पूर्णपणे नसलेल्या डोळ्याचे चित्र दाखवतात. प्रत्यक्षात बहुतेकांची पेशी असते, फक्त तिचे शिखर सरकलेले असते. कोणाचे थोडे, कोणाचे बरेच. शिवाय पडद्याची प्रखरता आणि खोलीतला उजेडही फरक पाडतात. साधनाने ‘अडचण नाही’ दाखवले तरी काम संपले असे नाही, पण त्याने अडचण दाखवली तर ती बहुधा खरीच असते.

म्हणून तिसरी चाचणी माणसाची. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कमी दिसतो अशा ओळखीच्या माणसाला नकाशा फोनवर, त्याच्या नेहमीच्या आकारात पाठवावा. ‘रंग दिसतात का?’ असे विचारू नये. त्याला काहीतरी दिसतेच आणि तो ‘हो’ म्हणेल. विचारायचे ते असे: ‘रत्नागिरीला कुठला इशारा आहे? सातारा आणि पुणे यांत जास्त गंभीर कोणता? कुठल्याच इशाऱ्याखाली नाहीत असे तीन जिल्हे सांगा.’ उत्तर चुकले किंवा सूचीकडे पुन्हापुन्हा नजर गेली, तर दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा. आधी गोंधळलेल्या दोन रंगांतला उजळपणा दूर न्यावा, त्याने भागले नाही तर नक्षी अधिक ठळक करावी, आणि रंगाची जात बदलण्याचा विचार त्यानंतरच करावा.